एकाच रकान्यातल्या तारखा

विमा कंपनीच्या शाखा कार्यालयातून दर सोमवारी सकाळी आमच्या दफ्तरात जी यादी येते, तिला या धंद्यात सरळ 'ड्यू लिस्ट' म्हणतात. आणि ज्याला या धंद्याचा परिचय नाही अशा इसमाच्या हाती ती पडली, तर नावे, आकडे व तारखा यांपलीकडे तीत त्याला काही दिसण्याचा संभव नाही. पुढील ४५ दिवसांत ज्या ज्या पॉलिसीची मुदत संपावयाची आहे, तिचा क्रमांक, विमाधारकाचे नाव, गाडीचा नंबर, मुदत संपण्याची तारीख, मागील हप्ता, मिळालेला बोनस आणि मोबाईल नंबर असे सात-आठ रकाने तीत असतात. पूर्वी शाखेतला कारकून नूतनीकरणाच्या नोटिसांचा गठ्ठाच सुतळीने बांधून देत असे. आता ती संगणकाच्या तक्त्यात येते आणि आमचा पुतण्या ती छापून टेबलावर ठेवतो, कारण कागदावर शेरा मारल्याशिवाय मला यादी वाचल्यासारखी वाटत नाही. आमचे दफ्तर म्हणजे सांगलीच्या एका पेठेतील दोन खणांची खोली, एक लोखंडी कपाट, पुतण्या आणि मी. परंतु त्या कपाटात पेठेतल्या कितीतरी घरांच्या गाड्या, दुकाने, दुखणी आणि आयुष्ये यांच्या मुदती एकत्र नांदत आहेत.

या यादीविषयी माझी एकच तक्रार आहे, आणि ती यादी तयार करणाऱ्याविषयी नसून तिच्या स्वरूपाविषयी आहे. मुदत संपण्याची तारीख या एका रकान्यात ती सर्व तारखा एकाखाली एक मांडते. आणि एका रकान्यात मांडलेल्या गोष्टी एकाच जातीच्या असतात, अशी जी माणसाच्या मनाची सहज समजूत असते, ती येथे साफ फसते. तारखेला काय संपते आणि तारखेनंतर काय शिल्लक राहते, हे प्रत्येक प्रकारच्या विम्यात निराळे आहे. ज्याला हे भेद अंगवळणी पडले नाहीत, तो यादीतल्या पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत इमानाने फोन करीत जाईल आणि तरीही ज्याला आज दुपारच्या आत गाठावयास हवे होते त्याला परवा गाठील.

आयुर्विम्याची तारीख सर्वांत दयाळू. वार्षिक, सहामाही वा तिमाही हप्ता ठरल्या तारखेस भरला गेला नाही, तर पुढे ३० दिवसांची सवलतीची मुदत मिळते, मासिक हप्त्यास १५ दिवसांची. आणि विशेष हे की त्या अवधीत विमाधारकाचा मृत्यू झाला तर विमा जिवंत मानला जातो व थकलेला हप्ता वजा करून रक्कम वारसांच्या हाती पडते. आरोग्यविम्याची तारीख मध्यम स्वभावाची आहे. वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीस तेथेही ३० दिवस मिळतात, परंतु ते दिवस केवळ सातत्य राखण्यापुरते. जुन्या आजारांसाठी जो प्रतीक्षाकाल विमाधारकाने वर्षानुवर्षे हप्ते भरून काटलेला असतो, तो या ३० दिवसांत हप्ता भरल्यास बुडत नाही. मात्र मुदत संपल्यापासून हप्ता भरेपर्यंतच्या मधल्या दिवसांत जर त्याला इस्पितळात दाखल व्हावे लागले, तर त्या खर्चास कंपनी बांधील नसते. लोक या दोन गोष्टींची नेहमी गल्लत करतात. "तीस दिवस असतात ना?" असे म्हणून निवांत बसणाऱ्या गृहस्थास मी एवढेच सांगतो, की तीस दिवस पॉलिसीस आहेत, तुमच्या छातीतल्या कळेस नाहीत.

आणि मोटारीच्या विम्याची तारीख मात्र कोणाचीच भीड धरीत नाही. छापलेल्या तारखेच्या मध्यरात्री तो संपतो, आणि त्यानंतरच्या पहिल्या मिनिटास रस्त्यावर असलेली गाडी विम्याविना असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमान्वये थर्ड पार्टी विम्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर गाडी नेणे हा गुन्हा आहे, व २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या खेपेस २,००० रुपये दंड वा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, होऊ शकतात. दंडाचे मला तितकेसे वाटत नाही. परंतु त्या रात्री कोणी गाडीखाली सापडला, तर न्यायाधिकरण जी भरपाई ठरवील ती मालकाच्या घरादारावर येऊन बसते. आता मौज अशी की याच कठोर तारखेला एक मऊ बाजूही आहे. दावा न केल्याबद्दल स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात जी सूट मिळते, म्हणजे नो क्लेम बोनस, ती पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि अखेर ५० टक्के अशा पायऱ्यांनी चढते, आणि मुदत संपल्यावरही ९० दिवसांच्या आत नूतनीकरण केले तर ती टिकते. संरक्षण तर मध्यरात्रीच संपलेले असते आणि बोनस मात्र पुढे तीन महिने वाट पाहत राहतो. लोकांच्या ध्यानात राहतात ते नेमके हे तीन महिने.

मध्यरात्रीचे म्हणाल, तर केवळ तारखेपुरता नव्हे, घटकेपुरताही हिशेब या व्यवसायात चालतो. १९३८ च्या विमा कायद्यातील ६४ व्हीबी या कलमाचा आशय असा, की हप्ता आगाऊ पोहोचल्याशिवाय कंपनी जोखीम पत्करीत नाही. आणि एजंटाने हप्ता गोळा केला असेल तर आपले कमिशन वजा न करता तो संपूर्ण, सुटीचे दिवस वगळून, २४ तासांच्या आत कंपनीकडे जमा करावयाचा. पॉलिसी ज्या दिवशी घेतली त्याच दिवशी अपघात झाला तर काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, तेव्हा १९९० च्या एका निवाड्यात असे ठरले की पॉलिसीवर केवळ तारीख असेल तर ती त्या दिवसाच्या आरंभापासून लागू धरावी. कंपन्यांनी मग तारखेसोबत वेळही छापण्यास प्रारंभ केला. आणि पुढे त्याच दशकात अशी एक फिर्याद आली की अपघात दुपारी २ वाजून २० मिनिटांनी घडला होता व पॉलिसी त्याच दिवशी २ वाजून ५५ मिनिटांनी घेतली होती. न्यायालयाने कंपनीवर दायित्व नाही असा निर्णय दिला. ही पस्तीस मिनिटे मी पुतण्यास पहिल्याच महिन्यात शिकवली. कारण ड्यू लिस्टेत वेळेचा रकाना नसतो, आणि 'संध्याकाळी येऊन भरतो' म्हणणारे गिऱ्हाईक आपल्या बोलण्यातल्या संध्याकाळीस फार ऐसपैस अर्थ देत असते.

तथापि यादीचे खरे मर्म मला ज्या प्रकरणात दिसले, ते एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या मोटारीचे. २०१८ च्या सप्टेंबरपासून, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार, नव्या मोटारीस थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा व नव्या दुचाकीस पाच वर्षांचा घ्यावा लागतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा, ज्याला आम्ही 'ओ.डी.' म्हणतो, तो मात्र बहुधा एकेका वर्षाचाच घेतला जातो, आणि २०१९ च्या सप्टेंबरपासून तो स्वतंत्रपणे दुसऱ्या कंपनीकडेही घेता येतो. म्हणजे एका गाडीस दोन विमे, दोन कंपन्या आणि दोन मुदती. या व्यापाऱ्याने १२ नोव्हेंबर २०२२ रोजी मोटार घेतली, तेव्हा शोरूममध्येच तीन वर्षांचा थर्ड पार्टी व एक वर्षाचा ओ.डी. विमा दुसऱ्या एका कंपनीचा उतरवून दिला गेला. थर्ड पार्टीची मुदत ११ नोव्हेंबर २०२५ पर्यंत. दुसऱ्या वर्षी ओ.डी. आमच्याकडे आला, तिसऱ्या वर्षी मात्र दिवाळीनंतरच्या गडबडीत त्याने ११ नोव्हेंबर २०२४ ची तारीख चुकवली, आणि मुदत तुटलेल्या गाडीस कंपनी तपासणीशिवाय ओ.डी. देत नसल्यामुळे (आधीच पडलेला पोचा नव्या विम्यात खपवला जाऊ नये, हा त्यातील रास्त हेतू), गाडी चारी बाजूंनी, काचेसकट आणि चासी नंबरासकट चित्रित होऊन नवा विमा लागला तो ३ डिसेंबर २०२४ पासून. ९० दिवसांची मुदत ९ फेब्रुवारीपर्यंत होती. सबब २५ टक्के बोनस वाचला, गिऱ्हाईक खूश झाले, आणि झालेल्या दिरंगाईची कोणतीही शिक्षा आपणास झाली नाही असे त्यास वाटले.

शिक्षा यादीत दबा धरून बसली होती. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर जी ड्यू लिस्ट आली, तीत त्या गाडीपुढे तारीख होती २ डिसेंबर २०२५. पाच आठवड्यांचा अवकाश. पुतण्याने तिला सावकाश फोन करावयाच्या नावांत टाकले. परंतु आमच्याकडे एक शिरस्ता आहे, की ज्या गाडीवर केवळ ओ.डी. आहे तिची जुनी पॉलिसी कपाटातून काढून तिच्यावरील थर्ड पार्टीची माहिती वाचावयाची. कारण स्वतंत्र ओ.डी. पॉलिसीच्या तक्त्यात दुसऱ्या कंपनीचे नाव, तिच्या पॉलिसीचा क्रमांक आणि मुदत ही छापलेली असते. ती वाचताच तो म्हणाला, "काका, ही गाडी अकरा नोव्हेंबरलाच उघडी पडते." १२ नोव्हेंबरपासून २ डिसेंबरपर्यंत २१ दिवस त्या मोटारीस आपल्या पत्र्याचा विमा होता, पण रस्त्यावरच्या माणसाचा नव्हता, आणि आमची यादी याविषयी मुकी होती, कारण जो विमा आमच्या कंपनीने विकलाच नाही त्याची तारीख आमच्या कंपनीच्या यादीत यावी कशी? दोन्ही मुदती मूळच्या एकाच तारखेस जुळलेल्या होत्या. मागच्या वर्षीच्या त्या एकवीस दिवसांच्या खंडाने त्या अलग केल्या.

व्यापाऱ्यास फोन केला तेव्हा तो सौजन्याने पण ठामपणे म्हणाला, "अण्णा, माझा इन्शुरन्स दोन डिसेंबरपर्यंत आहे. मोबाईलवर कागद आहे माझ्या." कागद होता हे खरे, आणि त्यावर २ डिसेंबर होते हेही खरे. अशा वेळी वाद घालू नये. कागदाचे दुसरे पान उघडावयास सांगावे. दुसरे पान उघडल्यावर पलीकडे जो थोडा वेळ शब्दच आला नाही, त्याचा अर्थ मी बरोबर लावला, आणि त्याच दिवशी हप्ता आला.

पण कोणता हप्ता? येथे एक मोह होतो, आणि तो मोह पुष्कळ एजंटांना होतो. दोन तारखांचा हा जाच कायमचा मिटवावा म्हणून चालू ओ.डी. रद्द करावा, उरलेल्या दिवसांचा हप्ता परत घ्यावा, आणि १२ नोव्हेंबरपासून दोन्ही मिळून एक पॅकेज पॉलिसी घ्यावी, म्हणजे पुढे एकच तारीख, एकच ओळ. दिसावयास हे नीटस आहे. परंतु बोनसाची पुढची पायरी चढण्यास दावारहित पूर्ण वर्ष भरावे लागते, आणि २१ दिवस आधी रद्द केलेले वर्ष पूर्ण नव्हे. हिशेब सोपा करण्यासाठी बोनसापूर्वीचा ओ.डी. हप्ता ९,००० रुपये धरू. डिसेंबरपर्यंत थांबल्यास बोनस ३५ टक्के, म्हणजे सूट ३,१५० रुपये. आधी रद्द केल्यास २५ टक्क्यांवरच अडकून सूट २,२५० रुपये. नऊशे रुपयांचे नुकसान, आणि त्या बदल्यात २१ दिवसांचे जे साधारण ३९० रुपये परत येतील तो काही नफा नव्हेच, कारण त्याच दिवसांचा हप्ता नव्या पॉलिसीत पुन्हा द्यावा लागतो. शिवाय बोनसाच्या शिडीवर एक पायरी मागे राहिलेला माणूस पुढची काही वर्षे मागेच राहतो. म्हणून आम्ही १२ नोव्हेंबरपासून एक वर्षाचा केवळ थर्ड पार्टी विमा दिला. याचे दर सरकारने ठरवून दिलेले असतात. १००० ते १५०० सीसीच्या खाजगी मोटारीस २०२२ च्या अधिसूचनेपासून मूळ हप्ता ३,४१६ रुपये. ओ.डी.स मग त्याच्या तारखेपर्यंत निवांत चालू दिले.

याचा परिणाम असा की पुढल्या वर्षी आमच्या यादीत त्या एकाच गाडीच्या दोन ओळी येतील, ११ नोव्हेंबरची एक आणि २ डिसेंबरची एक, आणि धोका आता उलट दिशेने संभवतो. पहिली ओळ भरली गेली की घाईत असलेला कोणी गाडीचा नंबर ओळखून दुसऱ्या ओळीवरही काट मारील. तेव्हा मी पुतण्यास सांगून ठेवले आहे की काट गाडीच्या नंबरावर मारावयाची नाही, पॉलिसीच्या क्रमांकावर मारावयाची.

संगणकाच्या तक्त्याचाही एक खोडसाळपणा येथेच नमूद करून ठेवतो, कारण त्याचा प्रत्यय येईपर्यंत कोणाचा विश्वास बसत नाही. शाखेतून येणाऱ्या फाइलीत तारीख आपल्या रीतीने, आधी दिवस मग महिना, अशी असते. परंतु ज्या संगणकावर अमेरिकेची रीत लावलेली आहे, तेथे एक्सेलमध्ये ती उघडली की ०३/१२ म्हणजे तीन डिसेंबर न राहता बारा मार्च होते. २५/११ चे मात्र तसे काही होत नाही, कारण पंचविसावा महिना नसल्यामुळे एक्सेल ती तारीख मानीतच नाही, नुसता मजकूर समजून सोडून देते. परिणामी यादीतल्या महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या तारखा फिरतात आणि बाकीच्या शाबूत राहतात, आणि क्रमवार लावल्यावर फिरलेल्या नावांना भलत्याच महिन्यात देशोधडीस लागावे लागते. ओळखण्याची खूण अगदी साधी आहे: एक्सेल ज्याला तारीख समजते ते रकान्याच्या उजव्या कडेस चिकटवते आणि ज्याला मजकूर समजते ते डाव्या. एका रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या की ती यादी बाजूस ठेवावी आणि शाखेकडून दुसरी मागवावी. हे कळावयास संगणकाचे ज्ञान लागत नाही, कागद थोडा दूर धरून पाहिला तरी पुरते.

मोबाईलच्या रकान्याविषयी फार लिहीत नाही. त्यात कधी शोरूममधल्या विक्रेत्याचा नंबर असतो, कधी एकच नंबर सतरा नावांपुढे असतो. आणि असे सतरा जण दिसले की गिऱ्हाइकांचे नंबर आपल्याच हाती ठेवणारा कोणी पूर्वीचा एजंट मध्ये होऊन गेला, एवढे समजावे.

राहता राहिले ते यादीत नसलेल्यांचे. दर सोमवारी नवी यादी ४५ दिवसांचीच असल्यामुळे एकच नाव सहा-सात सोमवार दिसते आणि मग एका सोमवारी दिसेनासे होते. हे दिसेनासे होणे सर्वांत अवघड. कारण हप्ता भरला तरी नाव जाते, मुदत उलटली तरी नाव जाते, गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीकडे गेले तरी नाव जाते, आणि त्या रिकाम्या जागेवरून तिन्हींतले काय घडले हे कळत नाही. म्हणून आम्ही मागल्या सोमवारची यादी फेकून देत नाही. नवी आली की दोन्ही शेजारी ठेवून, जुन्यात असून नव्यात नसलेले प्रत्येक नाव तपासून त्यापुढे शेरा लिहितो: भरला, खंडित, अन्यत्र, गाडी विकली, निधन. 'खंडित' वाल्यास त्याच दिवशी पुन्हा फोन जातो, आणि त्याला आधी ९० दिवसांची शेवटची तारीख न सांगता, आज गाडी बाहेर काढू नका, असे सांगितले जाते. 'गाडी विकली' असेल तर गाडी घेणाऱ्याकडे तर जावयाचेच, पण विकणाऱ्याकडेही जावयाचे. कारण बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो, आणि विकणाऱ्याने नवी मोटार घेतली तर तो दाखला मागून घेऊन तिच्यावर लावता येतो, हे त्यास कोणी सांगितलेले नसते. 'निधन' असा शेरा असला तर पुतण्यास मी फोन करू देत नाही. मी स्वतः घरी जातो, मोटारीचा विषय शेवटी काढतो, आणि वारसाच्या नावे गाडी होईपर्यंत विम्याचे काय करावयाचे ते मुलास वा सुनेस सांगून येतो.

'अन्यत्र' गेलेल्यांचे नाव मात्र बहुतेक एजंट रागाने खोडतात, हे मला अव्यापारेषु व्यापार वाटते. त्याची गाडी गेली नाही, त्याची तारीखही गेली नाही. पुढल्या वर्षी ती कंपनीच्या यादीत येणार नाही, एवढेच. ती आम्ही आमच्या वहीत उतरवून ठेवतो, आणि तारखेच्या तीन आठवडे आधी त्यास विचारतो की थर्ड पार्टीची मुदत तपासून पाहिलीत का. पुष्कळदा तो पाहतो, पुन्हा फोन करतो, आणि अर्ज आमच्याकडे न देता जेथे गेला होता तेथेच देतो. काही वेळा देतो आमच्याकडेही. पुतण्याच्या मते हा फुकटचा फोनखर्च आहे, आणि मोबाईलच्या हल्लीच्या दरात तोही फारसा येत नाही हे दाखवून दिल्यावर तो म्हणतो, वेळ तर जातो ना. वेळ जातो खरा. सोमवार तर सबंध यादीतच जातो, आणि मंगळवारी दुपारपर्यंत नोव्हेंबरची जी नावे लागायची राहिली असतील ती एकेक करून पुन्हा लावावी लागतात.